लॉजच्या काउंटरवर नवा मुलगा बसवताय? चावी सगळ्यात शेवटी द्यायला शिकवा



आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात लॉज काढायचा विचार बरेच जण करतात, आणि त्याला कारणही आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग गावातून जातो. यवतमाळकडून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारे भाविक इथूनच पुढे जातात. कंबलपोष बाबांच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात. कापूस-सोयाबीनचे व्यापारी, बियाणं आणि खत कंपन्यांचे प्रतिनिधी, लग्नाची वऱ्हाडं, रात्री उशीर झाला म्हणून थांबणारे गाडीवाले, असं गिऱ्हाईक वर्षभर चालू असतं.

दहा-बारा खोल्यांचा लॉज सुरुवातीला मालक स्वतःच सांभाळतो. पण चोवीस तास काउंटरवर बसणं एका माणसाला झेपत नाही. दोन-तीन महिन्यांत एक मुलगा किंवा मुलगी कामाला ठेवावी लागते. मग बहुतेक ठिकाणी काय होतं? मालक सांगतो, "हे रजिस्टर, या चाव्या, आधार कार्ड घेत जा, काही लागलं तर फोन कर." पाच मिनिटांत ट्रेनिंग संपलं!

आणि रात्री साडेदहाला पहिलं गिऱ्हाईक आलं की तो मुलगा काय करतो? माणूस घाईत असतो, चावी मागतो, मुलगा चावी देतो. फॉर्म सकाळी भरू, आधारची झेरॉक्स सकाळी घेऊ. सकाळी सहाला गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. रजिस्टरमध्ये एक अर्धवट नाव राहतं आणि मोबाइल नंबरचे नऊच आकडे.

आज आपण चेक-इन नव्या मुलाला कसं शिकवायचं ते बघू. सगळ्याचा गाभा एकच आहे: चावी सगळ्यात शेवटी.

## क्रम का महत्त्वाचा आहे?

गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं असतं तेव्हा त्याला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे चावी. ती तुमच्या हातात आहे तोवर तो नाव सांगेल, ओळखपत्र काढेल, सही करेल, पैसे देईल. चावी त्याच्या हातात गेली की बाकी सगळं त्याच्या मर्जीवर. मग तुमच्या मुलाला खोलीचं दार वाजवून म्हणावं लागतं, "सर, आधार राहिलं." गिऱ्हाईक चिडतं, मुलगा घाबरतो, आणि पुढच्या वेळी तो विचारायचंच सोडून देतो.

म्हणून मुलाला हा क्रम पाठ करून घ्या:

१. बसवा, पाणी द्या, किती जण आहेत ते विचारा.
२. ओळखपत्र हातात घ्या, सगळ्या मोठ्या माणसांचं.
३. ओळखपत्र समोर ठेवून फॉर्म भरा, सही घ्या.
४. तयार खोली बघून नंबर ठरवा.
५. भाडं आणि चेक-आउटची वेळ सांगा, ॲडव्हान्स घ्या, पावती द्या.
६. चावी द्या आणि खोलीपर्यंत सोबत जा.

हा क्रम कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला, मुलाला दिसेल असा चिकटवा. सरावलेला मुलगा हे सगळं सहा-सात मिनिटांत करतो. आता एकेक पायरी नीट बघू.

## ओळखपत्र आधी, फॉर्म नंतर

नवी मुलं हमखास उलटं करतात. आधी तोंडी विचारून फॉर्म भरतात आणि मग ओळखपत्र मागतात. त्यामुळे फॉर्मवर "राजू पाटील, नांदेड" असं लिहिलेलं असतं आणि कार्डावर पूर्ण नाव, गाव, सगळंच वेगळं. मग कुणी खाडाखोड करत नाही, तसंच सोडून देतात. म्हणून मुलाला सांगा, कार्ड हातात आल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

कोणतं ओळखपत्र चालतं? भारतीय माणसाचं आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड घ्यायचं नाही, कारण त्यावर पत्ताच नसतो, आणि आपल्याला माणूस कुठला हे नोंदवायचं असतं. कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र जोडीला ठेवा, पण एकट्या त्याच्यावर खोली देऊ नका.

कार्ड हातात घेतल्यावर मुलाने तीन गोष्टी बघायच्या. फोटो समोरच्या माणसाचा आहे का, जन्मतारीख काय आहे, आणि पत्ता कुठला आहे. फोटो दहा वर्षं जुना असतो, दाढी वाढलेली असते, हे खरं. तरी कार्ड हातात धरून एकदा माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लावा. शंका आली तर आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या ॲपने स्कॅन करता येतो आणि कार्डावर छापलेलं नाव तपासून घेता येतं.

हल्ली बरेच जण मोबाइलच दाखवतात. इथे मुलाला फरक शिकवा. माणसाने समोर डिजिलॉकर ॲप उघडून त्यातलं आधार किंवा लायसन्स दाखवलं तर ते चालतं, डिजिलॉकरमधलं कागदपत्र मूळ कागदासारखंच धरलं जातं. पण गॅलरीत पडलेला कार्डाचा फोटो म्हणजे ओळखपत्र नाही. तो कुणाचाही, कुठूनही आलेला असू शकतो. "दादा, फोटो नाही चालत, डिजिलॉकर उघडता का? नसेल तर मी थांबतो, डाउनलोड करून घ्या." बस, इतकंच म्हणायचं.

काही गिऱ्हाइकं आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं कार्ड देतात. मुलाला ते खोटं वाटू शकतं. पण असं झाकलेलं आधार यूआयडीएआयच स्वतः डाउनलोड करायला देतं, त्याला मास्क्ड आधार म्हणतात. ओळख पटवायला ते पुरतं. उलट आपणही रजिस्टरमध्ये आधारचे शेवटचे चार आकडेच लिहिलेले बरे, कारण रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं आणि पुढचं गिऱ्हाईक त्यावरच सही करतं. तुमच्या पोलीस ठाण्याने पूर्ण नंबर लिहायची सूचना दिली असेल तर ती पाळा, फक्त रजिस्टर उघडं टाकू नका.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा: गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचा नाही. झेरॉक्स मशीन नसेल तर लॉजचा वेगळा मोबाइल किंवा स्कॅनर ठेवा. मुलगा चार महिन्यांनी काम सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर शंभर लोकांची आधार कार्डंही जातात. त्यातलं एक कुठे वापरलं गेलं तर लोक तुमच्या दारात येतील. झेरॉक्स घेतली तर तिच्यावर आडवं लिहून टाका, "फक्त लॉज नोंदणीसाठी", खाली तारीख. मूळ कार्ड लगेच परत द्या. पैसे राहिले म्हणून कार्ड किंवा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही.

## फॉर्ममध्ये काय हवं?

लहान लॉजला बांधलेलं, पानांवर नंबर छापलेलं रजिस्टर पुरतं. सुटी पानं नकोत. त्यात येण्याची तारीख आणि वेळ, पूर्ण नाव, वय, पूर्ण पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, कशासाठी आले, सोबत कोण कोण, ओळखपत्राचा प्रकार आणि नंबर, गाडीचा नंबर, खोलीचा नंबर, ॲडव्हान्स आणि सही असे रकाने ठेवा. शेवटी जाण्याची तारीख, वेळ आणि पुन्हा सही.

मुलगा विचारेल, "कुठून आले, कुठे जाणार, हे कशाला?" त्याला कारण सांगा, नाहीतर तो हे रकाने रिकामे सोडेल. लॉजमध्ये रात्री कोण उतरलं याची माहिती प्रशासनाला हवी असते, आणि ही काही आजची गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८६७ च्या सराई कायद्यातच तरतूद होती की, दंडाधिकाऱ्याने आदेश दिला तर सराईच्या मालकाने रात्री उतरलेल्या माणसांची माहिती कळवायची. आजही पोलीस तपासणीला आले की आधी रजिस्टर मागतात. एखादा हरवलेला माणूस शोधायचा असेल, एखाद्या गाडीचा माग काढायचा असेल, तर त्यांना तीन गोष्टी लागतात: किती वाजता आला, कोणत्या गाडीने आला आणि कुठे जातो म्हणाला. तुमच्या रजिस्टरमध्ये त्या असतील तर पाच मिनिटांत काम होतं. नसतील तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

दोन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. पहिलं म्हणजे मोबाइल नंबर. लिहून झाल्यावर तिथेच एक मिस्ड कॉल द्यायला शिकवा. गिऱ्हाइकाचा फोन वाजला की नंबर बरोबर. सकाळी खोलीत चार्जर किंवा चष्मा राहिलेला सापडतो तेव्हा हाच नंबर कामाला येतो. दुसरं म्हणजे सोबतची माणसं. रजिस्टरमध्ये फक्त "अधिक ३" असं लिहिलेलं असतं. हे पुरेसं नाही. प्रत्येकाचं नाव, वय आणि नातं लिहायचं. रात्री काही दुखलं-खुपलं, आग लागली, तर खोलीत नेमकं कोण आहे हे तेव्हा कळतं.

आर्णीत परदेशी पाहुणा क्वचित येईल, पण मुलाला एक वाक्य माहीत हवं: परदेशी पासपोर्ट दिसला की मालकाला फोन. पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती चोवीस तासांच्या आत `indianfrro.gov.in` या सरकारी पोर्टलवर भरावी लागते. लॉजवाले याला सी-फॉर्म म्हणतात. त्यासाठी लॉजची तिथे आधी नोंदणी असावी लागते, म्हणून हे काम पाहुणा यायच्या आधी करून ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला आहे, त्यातही लॉजवाल्याची ही जबाबदारी आहे. अमेरिकेत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस यात येत नाही. त्याची नोंद नेहमीसारखीच.

## सगळ्यात नाजूक जागा: वय

हा भाग मुलाला एकदा सांगून सोडू नका, करून घ्या.

दोघं जण येतात. एकाचं ओळखपत्र मिळतं, दुसऱ्याचं "बॅगेत आहे, वर जाऊन देतो" असं उत्तर येतं. नियम साधा आहे: खोलीत झोपणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड काउंटरवरच हवं. कार्ड हातात आलं की वय मोजायचं, आणि इथे नवी मुलं नुसतं वर्षातून वर्ष वजा करतात. समजा आजची तारीख १० जून २०२६ आहे आणि कार्डावर जन्मतारीख आहे १४ ऑगस्ट २००८. वजाबाकी केली तर अठरा येतात. पण या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा आहे, म्हणजे वय सतरा. ती व्यक्ती कायद्याने अजून बालक आहे.

अठरा वर्षांखालची व्यक्ती आई-वडिलांबरोबर किंवा पालकाबरोबर असेल तर काही प्रश्न नाही. पालक नसलेल्या मोठ्या माणसाबरोबर असेल तर खोली द्यायची नाही आणि लगेच मालकाला फोन करायचा. मुलाने स्वतः वाद घालायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही, मोबाइलवर शूटिंग तर अजिबात नाही. "सर, मालक येतायत, पाच मिनिटं बसा," एवढंच. मूल घाबरलेलं दिसतंय, बोलत नाहीये, सोबतचा माणूस त्याला बोलू देत नाही, असं वाटलं तर मालकाने ११२ वर किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करायचा. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा कडक आहे. "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर, ज्या काउंटरवर कार्डच मागितलं नाही, तिथे कुणी ऐकून घेत नाही.

याची दुसरी बाजूही शिकवा. दोघंही अठराच्या वर आहेत, दोघांची कार्डं आहेत, पण आडनावं वेगळी आहेत. मुलगा "लग्नाचं सर्टिफिकेट आहे का?" असं विचारायला लागतो, आजूबाजूचे लोक बघायला लागतात. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्याला कायद्याने बंदी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट म्हटलं होतं. आणि लग्नानंतर आडनाव न बदलणाऱ्या बायका आता आपल्याकडेही पुष्कळ आहेत. कार्ड, नोंद, सही, आणि खोली. मुलाने चौकशी कार्डाची करायची, नात्याची उलटतपासणी नाही.

## खोली ठरवताना: हुकवरची चावी काय सांगते?

नव्या मुलाची सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे साफ न केलेली खोली देणं. गिऱ्हाईक दार उघडतं तर आत चुरगळलेली चादर आणि बाथरूममध्ये दुसऱ्याचा साबण. त्याहून वाईट म्हणजे आत माणूसच असणं.

हे का होतं? काउंटरमागच्या फळीवर हुक असतात. गिऱ्हाईक सकाळी चावी परत करतं, मुलगा ती हुकला लावतो. दुपारी त्याला वाटतं, चावी हुकवर आहे म्हणजे खोली मोकळी. मोकळी आहे खरी, पण तयार नाही. खोलीच्या चार अवस्था असतात: तयार, भरलेली, साफ करायची आणि बंद. नळ गळतोय, पंखा बिघडलाय, अशी खोली बंद. हुक मात्र दोनच गोष्टी सांगतो, चावी आहे किंवा नाही.

यावर खर्च न करता उपाय आहे. काउंटरखाली एक डबा ठेवा. गिऱ्हाइकाने परत केलेली चावी हुकवर लावायची नाही, डब्यात टाकायची. साफसफाई करणाऱ्या मावशी डब्यातून चावी घेतील, खोली साफ करतील, पंखा, दिवे, नळ, गीझर चालू करून बघतील, आणि मग स्वतःच्या हाताने चावी हुकवर लावतील. काही बिघडलं असेल तर चावीला लाल दोरा बांधून मालकाच्या खणात. आता हुकवरची चावी म्हणजे तयार खोली, याला दुसरा अर्थच उरत नाही. मुलाला आठवण ठेवावी लागत नाही, मावशींना विचारावं लागत नाही.

तयार खोल्यांपैकी कोणती द्यायची? म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर खालचा मजला. रस्त्याच्या बाजूच्या खोल्यांना रात्रभर ट्रकचा आवाज येतो, त्या पहाटे निघणाऱ्या गाडीवाल्यांना द्या, त्यांना गाडीही दिसत राहते. एकटी बाई असेल तर काउंटरजवळची खोली, टोकाची नको. वऱ्हाडाच्या खोल्या एका रांगेत द्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्या रांगेत घालू नका, ते रात्रभर झोपणार नाही.

आणि खोलीचा नंबर मोठ्याने पुकारायचा नाही. "ताईंना दोनशे चार दे रे!" असं ओरडलं की बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळतं, एकटी बाई कोणत्या खोलीत आहे. नंबर पावतीवर लिहून दाखवायचा.

## एक चेक-इन सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा तुमचा बारा खोल्यांचा लॉज आहे. रात्रीचे १०:४० झालेत. नागपूरहून माहूरला निघालेलं कुटुंब येतं: नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि आठ वर्षांचा मुलगा. नवरा दारातूनच म्हणतो, "भाऊ, चावी द्या लवकर, आईची तब्येत बरी नाही. फॉर्म-बिर्म सकाळी."

मुलाने काय करायचं? चावीकडे हात न्यायचा नाही आणि नियमही ऐकवायचा नाही. आधी खुर्ची ओढायची. "आजी, बसा तुम्ही इथं, पाणी घ्या. दादा, पाच मिनिटांत मोकळं करतो तुम्हाला. तिघांची ओळखपत्रं द्या फक्त." आजी बसली की घाई निम्मी कमी होते.

नवऱ्याचं लायसन्स आहे. बायकोचं आधार डिजिलॉकरमध्ये आहे. आजीचं कार्ड घरी राहिलंय, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो आहे. इथे मुलगा अडतो, कारण नियम सांगतो फोटो चालत नाही. अशा वेळी निर्णय मुलाने घ्यायचा नाही, मालकाला फोन करायचा. मालक म्हणेल, आजीच्या फोनवर ओटीपी येत असेल तर आधार डाउनलोड करून घे. नंबर जोडलेला नसेल तर मुलगा आणि सून दोघांची कार्डं पक्की आहेत, आजीचं नाव-वय-नातं लिही, फोटोवरून पडताळ आणि शेऱ्यात "मालकांना विचारून" असं लिही. सवलत देता येते, पण ती कुणी दिली ते कागदावर हवं.

फॉर्म भरून झाला, मिस्ड कॉल दिला, गाडीचा नंबर लिहिला, सही घेतली. हुकवर तीन चाव्या आहेत: १०३, २०२ आणि २०५. आजी आहे म्हणून १०३. आता पैसे. "दादा, खोलीचे १,२०० आणि जादा गादीचे २००, एकूण १,४००. आपलं चेक-आउट सकाळी ११ ला असतं. तुम्ही आता आलात तरी ११ लाच." हे वाक्य पैसे घ्यायच्या आधी बोललं गेलं पाहिजे. चोवीस तास धरून बसलेलं गिऱ्हाईक सकाळी ११ ला भांडतं, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पैसे घेतले, पावती दिली. आता चावी.

## चावी देणं म्हणजे काउंटरवर टाकणं नाही

मुलाने चावी घेऊन खोलीपर्यंत जायचं, कुलूप स्वतः उघडायचं. चावी अडकते का, हे तेव्हाच कळतं. आत जाऊन दिवे, पंखा आणि उन्हाळ्यात कूलर लावून दाखवायचा. मे महिन्यात आपल्याकडे कूलर चालतो पण त्यात पाणीच नाही, अशी तक्रार रात्री बाराला यायला नको. गीझरचं बटण, गरम पाण्याची वेळ, आतली कडी दाखवायची. "काही लागलं तर या नंबरवर फोन करा," म्हणायचं आणि चावी हातात द्यायची. आजीची बॅग वर उचलून ठेवली तर सकाळी त्या लॉजची आठवण चांगली निघते.

चावीचे तीन नियम मुलाला पाठ हवेत. एक, चावी त्यालाच, ज्याचं नाव त्या खोलीसमोर लिहिलंय. "१०३ मध्ये माझा भाऊ आहे, मला चावी द्या," असं कुणी म्हणालं तर आधी खोलीत फोन करायचा किंवा दार वाजवायचं. अमुक माणूस कोणत्या खोलीत आहे, किंवा लॉजमध्ये आहे की नाही, हेही परस्पर सांगायचं नाही. दोन, डुप्लिकेट चाव्या काउंटरवर नाहीत, मालकाच्या कुलपात. तीन, चावी हरवली तर नुसती नवी चावी करायची नाही, कुलूपच बदलायचं. हरवलेली चावी कुणाच्या खिशात आहे, हे कुणालाच माहीत नसतं.

## चार दिवसांत कसं शिकवाल?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवे कामगार झटपट तयार करायला एक चार टप्प्यांची पद्धत वापरली गेली, आणि ती आजही चालते. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, मग करून दाखवा, मग त्याला करू द्या, आणि मग मधूनमधून तपासा. लॉजवर ती अशी बसते.

पहिल्या दिवशी चेक-इन तुम्ही करा, मुलगा शेजारी उभा. प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर त्याला सांगा, कोणती पायरी का केली. दुसऱ्या दिवशीही तुम्हीच करा, पण पुढची पायरी काय हे मुलाने हळूच सांगायचं. जिथे तो अडतो, तिथेच पुन्हा शिकवा. तिसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, तुम्ही गिऱ्हाईक बना. एकदा घाईतला माणूस, एकदा गॅलरीतला फोटो दाखवणारा, एकदा सतरा वर्षांची जन्मतारीख, एकदा "भावाची चावी द्या" म्हणणारा. मुलगा खरं बोलून, खरं रजिस्टर भरून दाखवेल. यासाठी एक जुनी वही ठेवा, खऱ्या रजिस्टरमध्ये सराव नको. चौथ्या दिवशी तो काउंटरवर, तुम्ही मागच्या खोलीत.

आणि तो शिकला की नाही, हे विचारून कळत नाही. "समजलं का?" म्हटलं तर मुलगा "हो" म्हणणारच. पहिला महिनाभर रोज रात्री रजिस्टरमधल्या कोणत्याही तीन नोंदी काढा आणि ओळखपत्राच्या झेरॉक्सशी ताडून बघा. नावाचं स्पेलिंग कार्डाप्रमाणे नसेल तर समजा, तो अजून तोंडी विचारून लिहितोय. वेळेच्या रकान्यात सगळीकडे १०:००, १०:३०, ११:०० असे गोल आकडे असतील तर समजा, तो नंतर एकत्र भरतोय. सोबतच्या माणसांच्या जागी "अधिक २" दिसलं तर तो घाईला बळी पडतोय. आणि सही सगळीकडे असेल पण पावतीवरची वेळ सहीच्या वेळेच्या आधीची असेल, तर क्रम मोडतोय. चूक सापडली की दुसऱ्या दिवशी तीच एक पायरी पुन्हा करून घ्या, सगळं पहिल्यापासून नको.

लॉज अजून सुरू व्हायचा असेल तर या आठवड्यात दोन कामं करून ठेवा. रजिस्टर छापायला टाकायच्या आधी तुमच्या पोलीस ठाण्यात जाऊन त्यांना कोणते रकाने हवेत ते विचारून घ्या. आणि चाव्यांच्या फळीबरोबर तो डबाही आणा.